डिलीट कोणी केला, फॉरवर्ड कोणी केला? चॅटमधल्या आपोआप येणाऱ्या सूचना मराठीत आणताना

मी फावल्या वेळात ओपन सोर्स चॅट ॲप्सची मराठी भाषांतरं तपासते. नवीन आलेला प्रत्येक जण बटणं झकास करतो, पाठवा, रद्द करा, शोधा, यात चुकण्यासारखं काही नसतंच. गाडी अडते ती चॅटच्या मधोमध येणाऱ्या त्या छोट्या करड्या ओळींवर. मेसेज डिलीट झाल्याची ओळ, अनेकदा फॉरवर्ड झाल्याचं लेबल, चॅट एन्क्रिप्टेड असल्याची पट्टी, अमुक ग्रुपमधून गेला, तमुकचा कोड बदलला. या ओळी कोणी टाइप केलेल्या नसतात, ॲप स्वतः टाकतं, आणि प्रत्येक ओळ कोणीतरी काहीतरी केल्याची खबर असते. इंग्रजी त्या कोणीतरीला सहज लपवते. मराठी क्रियापद मात्र लगेच विचारतं, कोणी केलं, बाई की बाप्या, एक की अनेक. तिथे आपण घाईत जे उत्तर देतो त्याने भलत्याच माणसावर आळ येतो.

खाली ज्या क्रमाने मी काम करते तोच क्रम दिलाय. उदाहरणं अँड्रॉइडच्या फाइलमधली आहेत, `%1$s` हा प्लेसहोल्डर, म्हणजे ॲप जिथे नाव भरतं ती जागा, आयफोनवर त्याऐवजी `%1$@` असतं, बाकी सगळं तेच.

## 1. आधी फोनवर बघा, मग भाषांतर करा

वेबलेट किंवा क्राउडिनसारख्या भाषांतराच्या साइटवर स्ट्रिंग, म्हणजे भाषांतर करायची एकेक ओळ, एकटी दिसते आणि ती कुठे येते ते कळत नाही, म्हणून भाषांतराचं पान उघडायच्या आधी दोन फोन घ्या, दोन खाती लावा, एक टेस्ट ग्रुप काढा आणि प्रत्येक घटना खरोखर घडवून बघा. मेसेज पाठवून डिलीट करा, पाठवणाऱ्याच्या फोनवर काय दिसतं आणि घेणाऱ्याच्या फोनवर काय दिसतं ते वेगवेगळं लिहून ठेवा. ॲडमिनने दुसऱ्याचा मेसेज डिलीट केला तर तिसरीच ओळ येते.

प्रत्येक स्ट्रिंगपुढे चार गोष्टी लिहा: कोणाला दिसते, कोणी केलं, कुठे कुठे दिसते, आणि प्लेसहोल्डरमध्ये नक्की काय भरलं जातं. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. डिलीटची ओळ फक्त चॅटच्या आत नसते, बाहेर चॅटच्या यादीत नावाखाली पण येते, तिथे एकच ओळ मावते आणि उरलेलं तीन टिंबांत जातं. आपल्याकडे क्रियापद शेवटी येत असल्यामुळे कापलं जातं ते नेमकं क्रियापद. हे डोक्यात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

तपासा: `You` साठी वेगळी स्ट्रिंग आहे का? काही ॲप्समध्ये नावाच्याच प्लेसहोल्डरमध्ये तुम्ही हा शब्द घुसवला जातो. मग मराठीत "तुम्ही यांनी ग्रुपचं नाव बदललं" असं काहीतरी उमटतं. हे भाषांतराने सुटत नाही, डेव्हलपरला सांगून स्ट्रिंग वेगळी करून घ्यावी लागते, त्यामुळे हे पहिल्याच दिवशी बघा.

## 2. चार-पाच शब्द पक्के करा, आणि मग हलवू नका

मेसेज की संदेश? मी मेसेज घेते, कारण घरात कोणी "तुझा संदेश मिळाला" म्हणत नाही. तुमच्या टीमने संदेश ठरवलं असेल तरी चालेल, सोय म्हणजे दोन्ही पुल्लिंगी आहेत. फक्त अर्धी फाइल मेसेज आणि अर्धी संदेश असं नको.

डिलीटच्या बाबतीत मात्र जपून. "काढला", "काढून टाकला" हे शब्द ग्रुपमधून माणसाला काढण्यासाठी राखून ठेवा. एका ॲपमध्ये दोन्हीकडे काढणे वापरलं होतं, त्यामुळे ॲडमिनच्या नावाची ओळ आली की मेसेज काढला की माणूस काढला हे बघायला पूर्ण ओळ दोनदा वाचावी लागायची. मेसेज डिलीट होतो, माणसाला काढतात, इतकं साधं ठेवा.

केलं की केले हाही प्रश्न आत्ताच मिटवा. गंमत म्हणजे कर्म पुल्लिंगी एकवचनी असेल तर हा वाद येतच नाही, "मेसेज डिलीट केला", "ग्रुप सोडला", बोलीत आणि लेखी दोन्हीकडे सारखंच. म्हणून शक्य तिथे वाक्य मेसेज, ग्रुप, फोटो, कॉल यांच्याभोवती फिरवा. चॅट हा शब्द कोणी ते चॅट म्हणतं, कोणी ती चॅट. एकदा ठरवा आणि शब्दसूचीत लिहून ठेवा.

## 3. नाव असलेल्या ओळी: प्रत्यय चिकटवू नका

`%1$s` मध्ये काय येणार हे आपल्या हातात नसतं. माणसं फोनमध्ये नावं कशी सेव्ह करतात ते आठवा: आई, Rahul Office, पाटील सर, गॅस सिलेंडर, नुसता नंबर, नुसतं एक फूल. आता याला "ने" लावून बघा. प्लेसहोल्डरनंतर जागा सोडून "आई ने" लिहिलं तर मराठीत चूक, कारण आपला प्रत्यय शब्दाला चिकटतो. चिकटवून लिहिलं तर "आईने" छान, पण "पाटील सरने" वाचवत नाही, आणि "बाबा"चं "बाबाने" झालं की घरातल्या कोणालाही खटकेल, तिथे "बाबांनी"च हवं. नावाचं रूप बदलणं ॲपला जमत नाही.

यावर उपाय एकच आणि तो जुना आहे, यांनी, यांना, यांचा. हा स्वतंत्र शब्द आहे, जागा सोडून लिहायचा असतो, नाव बदलावं लागत नाही, आणि आदर आपोआप येतो. "बंट्या यांनी" जरा पत्रिकेसारखं वाटतं हे मान्य, पण मित्राला थोडा जास्त मान मिळाला तर कोणी रागावत नाही, उलट झालं तर रागावतात.

आता लिंग. "left" चं भाषांतर नव्व्याण्णव जण "ग्रुपमधून बाहेर पडला" असं करतात, आणि मग "आई ग्रुपमधून बाहेर पडला". "पडला/पडली" अशी तिरकी रेघ मारून सुटका करू नका, ते फॉर्म भरल्यासारखं दिसतं. "पडले" केलं तरी बाईसाठी आदराचं रूप "पडल्या" असतं. इथे वाक्याची जात बदलायची. मराठीत भूतकाळात सकर्मक क्रियापद सहसा कर्त्याकडे बघत नाही, कर्माकडे बघतं. म्हणजे ग्रुपला कर्म केलं की काम झालं:

```xml
<string name="member_left">%1$s यांनी ग्रुप सोडला</string>
<string name="member_joined">%1$s यांनी ग्रुप जॉइन केला</string>
<string name="member_added">%1$s यांनी %2$s यांना ॲड केलं</string>
```

आई असो की सुनील, तिन्ही ओळी बरोबर. तिसऱ्या ओळीत कर्माला "ना" लागलाय म्हणून क्रियापद आपोआप नपुंसकलिंगी राहतं, तिथेही कोण बाई कोण पुरुष हा प्रश्न मिटला. टायपिंगच्या ओळीलाही हेच बघा, "टाइप करतोय" मध्ये लिंग घुसतं, "टाइप करत आहे" मध्ये नाही.

ग्रुपचं नाव बदलल्याच्या ओळीत तर तीन प्लेसहोल्डर असतात आणि त्यातली दोन ग्रुपची नावं. ती अवतरणात ठेवा, "“%2$s” वरून “%3$s” केलं", म्हणजे प्रत्यय नावाला चिकटवायचा की नाही हा प्रश्नच येत नाही.

तपासा: वर दिलेली सहा नावं प्रत्येक ओळीत घालून मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे ओळ दुरुस्त करायची आहे.

## 4. डिलीटची ओळ

मूळ इंग्रजी असं असतं:

```
This message was deleted
You deleted this message
```

पहिलीचं येणारं नेहमीचं भाषांतर म्हणजे "हा संदेश हटविला गेला होता". यात दोन चुका आहेत. "गेला" हे इंग्रजी कर्मणी प्रयोगाचं ओझं, मराठीत आपण असं बोलत नाही. आणि "होता" तर अर्थच बदलतं. "दुकान बंद केलं होतं" म्हटलं की ऐकणारा विचारतो, मग आता उघडलं का? तसंच "डिलीट केला होता" वाचून वाटतं की आता परत आलाय. मेसेज गेला तो गेला, म्हणून "डिलीट केला आहे".

आता वर सांगितलेला कापाकापीचा मुद्दा. ग्रुपच्या यादीत आधी पाठवणाऱ्याचं नाव येतं, मग ओळ. "पाटील सर: हा मेसेज डिली…" इतकंच दिसतं, आणि मोठ्या अक्षरांत तर "हा मेसे…" वरच संपतं. इंग्रजीतही ओळ कापली जाते पण आपल्याला काही इंग्रजीचा क्रम पाळायचं बंधन नाही. महत्त्वाचा शब्द पुढे आणा: डिलीट केलेला मेसेज. लहान आहे, कापली तरी अर्थ राहतो, आणि चॅटच्या आत पण नीट वाचली जाते.

"डिलीट झालेला" नको का? नको. झालेला म्हटलं की काहीतरी बिघाडाने आपोआप झालं असं वाटतं, घेणारा फोन बंद करून चालू करत बसतो. इथे एका माणसाने मुद्दाम डिलीट केलाय. म्हणून केलेला. हा फरक पुढच्या टप्प्यात बरोबर उलटा होणार आहे.

```xml
<string name="msg_deleted">डिलीट केलेला मेसेज</string>
<string name="msg_deleted_self">तुम्ही हा मेसेज डिलीट केला</string>
<string name="msg_deleted_admin">ॲडमिन %1$s यांनी हा मेसेज डिलीट केला</string>
```

ॲडमिनच्या ओळीत नाव गाळू नका, आणि "ॲडमिनने" असं मोघम करू नका. नाव गेलं की ग्रुपमधल्या लोकांना वाटतं ज्याने पाठवला त्यानेच घाबरून डिलीट केला.

या ओळींच्या आधी जो मेनू येतो, त्यातल्या दोन पर्यायांकडे पण बघून घ्या. `Delete for me` चं "माझ्यासाठी डिलीट करा" केलं तर ते विनंतीसारखं वाटतं, माझ्यासाठी एवढं कर ना. "सगळ्यांकडून डिलीट करा" पण फसवं आहे, सगळे मिळून डिलीट करणार असा अर्थ निघतो. "फक्त माझ्या चॅटमधून" आणि "सगळ्यांच्या चॅटमधून" हे लांब आहेत पण गैरसमज होत नाही, आणि ही चूक महाग पडते, कारण स्वतःच्या चॅटमधून डिलीट केला की सगळ्यांच्या चॅटमधून करायचा पर्याय सहसा हातातून जातो.

सावधान: "3 messages deleted" सारख्या ओळीला मराठीत `one` आणि `other` अशी दोन रूपं द्यावी लागतात. मेसेज शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच असल्यामुळे लोक एकच ओळ दोन्हीकडे चिकटवतात, पण क्रियापद बदलतं: "%d मेसेज डिलीट केला", "%d मेसेज डिलीट केले". आणि `one` मध्ये `%d` काढून "एक" लिहू नका, जुन्या नियमांत मराठीसाठी 0 सुद्धा `one` मध्ये जायचा, तसं असलेल्या फोनवर शून्याला "एक मेसेज" दिसेल.

## 5. फॉरवर्डची दोन लेबलं

दोन वेगळी लेबलं आहेत, आणि त्यांच्यात कर्ता वेगळा आहे.

साधं `Forwarded` म्हणजे समोरच्याने स्वतः लिहिला नाही, दुसरीकडून उचलून पाठवला. इथे पाठवणाऱ्यानेच फॉरवर्डचं बटण दाबलंय, म्हणून "फॉरवर्ड केलेला" बरोबर.

`Forwarded many times` वेगळं आहे. व्हॉट्सॲपमध्ये दोन बाणांचं हे लेबल तेव्हा येतं जेव्हा मेसेज मूळ माणसापासून साखळीने पाच किंवा जास्त वेळा फॉरवर्ड होत आलेला असतो. समोरच्याने कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच, एकदाच पाठवलाय. आता आपली भाषांतरं बघा. "अनेक वेळा फॉरवर्ड केले", यात केले कशाशी जुळतंय तेच कळत नाही. "अनेकदा फॉरवर्ड केलेला" वाचून वाटतं की काकांनीच हा मेसेज दहा ठिकाणी पाठवलाय. आणि हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एका वहिनींनी लेबलाचा फोटो काढून टाकला आणि विचारलं, भावोजी तुम्ही हे किती जणांना पाठवता? त्या बिचाऱ्यांनी औषधाचा एक मेसेज आला तसा पुढे ढकलला होता. भांडण लेबलातल्या एका "केलेला" ने लावलं.

म्हणून इथे अनेकदा फॉरवर्ड झालेला. झालेला म्हटलं की बोट कोणाकडे जात नाही, मेसेजचा प्रवास तेवढा कळतो. डिलीटमध्ये जे चुकीचं होतं तेच इथे हवंय.

जवळपासचे दोन पर्याय सुचवले जातात, दोन्ही टाळा. "अनेकांना फॉरवर्ड केलेला" म्हणजे एकाने खूप जणांना पाठवला, ते साखळीपेक्षा वेगळं. "अनेकांनी फॉरवर्ड केलेला" जरा बरं आहे, पण ॲप माणसं मोजत नाही, वेळा मोजतं. "पाच वेळा" असा आकडाही घालू नका, मूळ ओळीत तो नाही, आणि ॲपने मर्यादा बदलली की आपली ओळ खोटी पडेल. "व्हायरल", "खात्री करून घ्या" असले शब्द तर अजिबात नको. मला अफवांची चीड आहे, पण अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज खोटाच असतो असं नाही, रक्तदानाची खरी हाकसुद्धा अशीच फिरते. ॲप जे म्हणत नाही ते आपण त्याच्या तोंडी घालायचं नाही.

हे लेबल फोटो, व्हिडिओ, फाइल सगळ्यांवर येतं, आणि फाइल तर स्त्रीलिंगी. तरीही "झालेला" चालतं, कारण वाचणारा मनात मेसेज धरतो. जागा असेल तर "अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज" असं पूर्णच लिहा. बऱ्याच वेळा, पुष्कळदा यांपेक्षा "अनेकदा" मी मुद्दाम घेते, लहान आहे, आणि बऱ्याच मधला अर्धा र काही फोनवर तुटका दिसतो.

## 6. एन्क्रिप्शनची पट्टी

इथे हळू जा. ही ओळ वाचून लोक ठरवतात की इथे काय बोलायचं आणि काय नाही.

एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड तसंच ठेवा. "शेवटापासून शेवटापर्यंत कूटबद्ध" वाचून कोणाला काही कळत नाही, वर शोधायला गेलं तर काही सापडत नाही. पण त्याऐवजी "सुरक्षित" पण लिहू नका. "तुमचे मेसेज पूर्णपणे सुरक्षित आहेत" हे वचन ॲपने दिलेलंच नाही. वाटेत कोणी वाचू शकत नाही एवढंच ते सांगतंय. समोरचा स्क्रीनशॉट काढू शकतो, घरातला कोणी उघडा फोन वाचू शकतो.

मग येतं हे वाक्य:

```
No one outside of this chat, not even the app, can read or listen to them.
```

सरळ भाषांतर: "या चॅटच्या बाहेरील कोणीही, अगदी ॲप देखील, ते वाचू किंवा ऐकू शकत नाही." व्याकरणात चूक नाही. पण नाही हा शब्द कुठे आहे बघा, सगळ्यात शेवटी. मोठ्या अक्षरांच्या फोनवर मी ही पट्टी अशी कापलेली पाहिली आहे: "या चॅटच्या बाहेरील कोणीही, अगदी ॲप देखील, ते वाचू…". म्हणजे कोणीही वाचू शकतं! इंग्रजीत नकार वाक्याच्या तोंडाला असतो म्हणून हा घोळ तिथे होत नाही. उपाय म्हणजे वाक्य होकारी करणं: "फक्त या चॅटमधल्या लोकांनाच ते वाचता किंवा ऐकता येतात." व्हॉट्सॲपने पुढे इंग्रजी मजकूरच फक्त चॅटमधले लोक अशा होकारी रूपात नेला, त्यामुळे मूळ ओळ बदलून मागायलाही हे उदाहरण कामी येतं. मात्र मूळ ओळीत ॲपचा उल्लेख असेल तर तो आपण गाळायचा नाही, तो महत्त्वाचा दावा आहे. तेव्हा असं करा:

```xml
<string name="e2e_banner">मेसेज आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. फक्त या चॅटमधल्या लोकांनाच ते वाचता किंवा ऐकता येतात, ॲपलासुद्धा नाही.</string>
```

आता कोड बदलल्याची ओळ. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये दोन माणसांच्या जोडीचा एक कोड असतो, व्हॉट्सॲप आणि सिग्नल दोन्हीकडे तो 60 अंकी आहे, आणि समोरच्याने फोन बदलला किंवा ॲप पुन्हा टाकलं की तो बदलतो. माझ्या हातून इथे मोठी चूक झाली होती. घाईत तपासताना "सुरक्षा कोड बदलला" च्या जागी "सुरक्षा कोड बदला" असं पास केलं, एक ल गळला. खबर होती तिचा हुकूम झाला. दोन दिवसांनी रात्री मावशीचा सांगलीहून फोन, अगं ॲप म्हणतंय कोड बदल, मी एटीएमचा पिन बदलून आले, अजून काय बदलू? दुसऱ्या दिवशी ओळ दुरुस्त केली, पण तोवर किती जणांनी काय काय बदललं असेल कोण जाणे.

ल परत आला तरी ओळ धोक्याची राहतेच, कारण "तुमचा सुरक्षा कोड" म्हटलं की आपल्याकडे लोकांना ओटीपी आणि पिनच आठवतो. कोड माझा नाही, या चॅटचा आहे, हे ओळीतच दिसू द्या:

```xml
<string name="code_changed">%1$s यांच्यासोबतच्या चॅटचा सुरक्षा कोड बदलला आहे</string>
```

"आहे" इथे मुद्दाम ठेवलंय. उद्या कोणाच्या हातून परत ल गळला तर "कोड बदला आहे" ही ओळ उघड चुकीची दिसेल आणि पकडली जाईल.

याच कुटुंबातली अजून एक ओळ आहे, `Waiting for this message`. "या मेसेजची प्रतीक्षा करत आहे" मध्ये कोण करत आहे ते कळत नाही, लोकांना वाटतं समोरचा आपल्या मेसेजची वाट बघतोय. खरं तर एन्क्रिप्शनचा मेळ बसायला समोरचा फोन पुन्हा ऑनलाइन यावा लागतो. "हा मेसेज अजून यायचा आहे. थोडा वेळ लागू शकतो." एवढं पुरतं.

## 7. पाठवायच्या आधी

फोनची भाषा मराठी करा, अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करा आणि पहिल्या टप्प्यातल्या सगळ्या घटना परत घडवा. चॅटच्या आत, चॅटच्या यादीत आणि नोटिफिकेशनमध्ये, तिन्ही ठिकाणी. फॉरवर्डचं लेबल "हो" एवढ्याच मेसेजवर येऊ द्या, तिथे बुडबुडा लेबलापेक्षा अरुंद असतो, शब्द मधेच तुटतोय का बघा. फॉरवर्डमधल्या फॉ वरचा अर्धचंद्र कापला जात असेल तर ती ओळीच्या उंचीची तक्रार आहे, डेव्हलपरला स्क्रीनशॉटसकट कळवा, त्यासाठी शब्द बदलू नका.

मग फोन घरातल्या अशा कोणाच्या तरी हातात द्या ज्याने ही ओळ इंग्रजीत कधी वाचलेली नाही. ओळ बरोबर आहे का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "हे कोणी केलं?" डिलीटच्या ओळीला उत्तर यायला हवं ज्याने पाठवला त्याने. फॉरवर्डच्या लेबलाला, माहीत नाही, बऱ्याच जणांच्या हातून आलाय. कोडच्या ओळीला, मी काही केलं नाही, मला काही करायचं पण नाही. यातलं एक जरी उत्तर वेगळं आलं तर ती स्ट्रिंग परत उघडा.